कॉरिडॉरचा तळ लिहिताना चूक टाळा

परीक्षेत पॉलिसी रेट कॉरिडॉर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरांनी बँकांना पैसा देते आणि त्यांच्याकडून घेते त्या दरांचा पट्टा, विचारला की बरेच जण ‘वर एमएसएफ, मध्ये रेपो, खाली रिव्हर्स रेपो’ असं लिहून मोकळे होतात. तळ तिथेच चुकतो. 8 एप्रिल 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने स्थायी ठेव सुविधा, म्हणजे एसडीएफ, आणली आणि तळाची जागा तिला मिळाली. त्या दिवशीचे दर उदाहरणाला उत्तम: एमएसएफ 4.25, रेपो 4.00, एसडीएफ 3.75 टक्के. रुंदी अर्धा टक्का. रिव्हर्स रेपो 3.35 वरच राहिला, पण कॉरिडॉरच्या बाहेर. कारणही एका वाक्यात द्याच: रिव्हर्स रेपोत बँकांकडचा जादा पैसा घेताना रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे तारण द्यावे लागतात, एसडीएफमध्ये ती अट नाही.