टोकन द्यायच्या आधी मालकांना हा मेसेज पाठवा

भाड्याचं घर बघताना मालक म्हणतात "सगळं करून देऊ", टोकन दिलं की ते राहूनच जातं आणि घर सोडताना त्याच जुन्या डागाचे पैसे आपल्या डिपॉझिटमधून कापतात.

१. बघायला गेलात की नळ, फ्लश, गीझर, पंखे चालू करून बघा, बेसिनखालचा पाइप हाताने चाचपा, बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा.

२. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप करा. बडोद्यात मांजलपूरच्या फ्लॅटसाठी आम्ही लिहिलं होतं: "काका, घर आवडलं. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे, किचनचा नळ गळतो, बाल्कनीच्या दाराची कडी बसत नाही. एवढं १ तारखेच्या आधी तुमच्या खर्चाने करून द्याल ना? फोटो पाठवतोय."

३. लेखी "हो" आलं की मगच टोकन. फोनवरच हो म्हणाले तर "आत्ता बोललो त्याप्रमाणे" असं लिहून यादी परत पाठवा आणि उत्तर मागा. चावी घेताना हीच यादी हातात धरून घर फिरा, राहिलेलं काम भाडेकरारात तारखेसकट लिहून घ्या.

एक सांभाळा, ओलीसाठी नुसतं "भिंत नीट करा" लिहू नका, वरून रंग मारून देतात आणि थोड्या दिवसांत पोपडे निघतात. "आधी लीकेज काढून, भिंत सुकल्यावर रंग" असंच लिहा.