‘सत्तर टक्के झालंय’ हा आकडा ईव्हीत घालू नका: शून्य-शंभर, पन्नास-पन्नास आणि माइलस्टोनच्या चुका

अर्न्ड व्हॅल्यू, थोडक्यात ईव्ही, म्हणजे झालेल्या कामाची बजेटनुसार किंमत. तिचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा भागाकारात नाही, तर त्याच्या आधी. खर्चाचा निर्देशांक सीपीआय आणि वेळापत्रकाचा एसपीआय, यांची सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. पण प्रत्येक वर्क पॅकेजचं काम ‘किती झालं’ हे कशावरून ठरवायचं, तिथे घाई होते. मग त्या चुकीच्या ईव्हीवर पुढचं सगळं गणित अगदी नीट सोडवलं जातं आणि उत्तर मात्र हुकतं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याची शेड उभी राहते आहे असं धरा. उदाहरण काल्पनिक आहे. एकूण बजेट, म्हणजे बीएसी, ३० लाख रुपये. शून्य-शंभर नियमात काम संपल्यावरच पूर्ण श्रेय मिळतं, पन्नास-पन्नासमध्ये सुरू होताच निम्मं आणि संपल्यावर उरलेलं, माइलस्टोनमध्ये ठरलेला टप्पा गाठला की त्या टप्प्याचा वाटा. तिसऱ्या महिन्याअखेरची स्थिती अशी:

| पॅकेज | बजेट (लाख) | नियम | साइटवरची स्थिती | झालेला खर्च (लाख) |
|---|---|---|---|---|
| पायाची खोदाई | २ | शून्य-शंभर | पूर्ण | २.२ |
| फुटिंग व प्लिंथ बीम | ६ | पन्नास-पन्नास | ७० टक्के | ३.९ |
| स्टील स्ट्रक्चर | २० | माइलस्टोन | खाली पाहा | १२.४ |
| पाण्याची टाकी | २ | शून्य-शंभर | ९० टक्के | १.५ |

स्टीलचे माइलस्टोन चार: ड्रॉइंग मंजूर १० टक्के, फॅब्रिकेशन पूर्ण ४०, उभारणी पूर्ण ३५, बोल्ट तपासणी व हस्तांतरण १५. पहिले दोन झालेत, उभारणी निम्मी झाली आहे.

चूक पहिली: नियम दिलेला असताना साइटवरची टक्केवारी वापरणं

कोष्टकात ७० आणि ९० दिसले की हात आपोआप गुणाकाराकडे जातो. खोदाई २, फुटिंग ४.२, स्टील १० अधिक निम्म्या उभारणीचे ३.५, टाकी १.८. बेरीज २१.५ लाख. खर्च २० लाख, म्हणून सीपीआय, म्हणजे ईव्ही भागिले खर्च, १.०७५. काम बजेटच्या आत चाललंय, असं उत्तर लिहून परीक्षेत पोरं पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

नियमांनी सोडवलं तर चित्र वेगळं निघतं. खोदाई पूर्ण, म्हणून २. फुटिंग सुरू झालंय पण संपलेलं नाही, म्हणून निम्मं श्रेय, ३ लाख. तिथे काम ७० टक्के झालं असो वा ७, ईव्ही तीच राहते. स्टीलला १० अधिक ४० मिळून ५० टक्के, म्हणजे १० लाख. अर्धवट उभारणीला काहीच नाही, कारण माइलस्टोन एकतर गाठला जातो किंवा नाही. टाकी संपलेली नाही, म्हणून शून्य.

```
EV  = 2 + 3 + 10 + 0 = 15
AC  = 2.2 + 3.9 + 12.4 + 1.5 = 20
CPI = EV / AC = 15 / 20 = 0.75
EAC = BAC / CPI = 30 / 0.75 = 40
```

इथे AC म्हणजे झालेला खर्च आणि EAC म्हणजे काम संपेपर्यंतच्या एकूण खर्चाचा अंदाज. परीक्षेतलं बरोबर उत्तर हेच. ७० आणि ९० हे आकडे मोहात पाडायला ठेवलेले असतात. प्रश्नात कुठलाच नियम नसेल आणि फक्त टक्केवारी असेल, तेव्हाच ती बजेटने गुणायची. तेव्हाही बजेटनेच, झालेल्या खर्चाने नाही.

नियम इतका कडक का? ‘सत्तर टक्के झालंय की’ असं मुकादम सांगतो तेव्हा तो काय मोजतो, ते बघा. बहुधा ओतलेलं काँक्रीट. प्लिंथ बीमची सळई, शटरिंग, क्युरिंग त्याच्या हिशोबात नसतं. तो खोटं बोलत नाही, त्याचं माप वेगळं असतं. सुरू झालं का आणि संपलं का, या दोन प्रश्नांत मात्र मतभेदाला जागा फार थोडी.

चूक दुसरी: ईव्ही एका नियमाने, पीव्ही दुसऱ्याने

ही चूक हुशार विद्यार्थीही करतात आणि लवकर लक्षात येत नाही. पीव्ही म्हणजे योजनेप्रमाणे तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाची बजेटनुसार किंमत. योजनेप्रमाणे तिसऱ्या महिन्याअखेर खोदाई, फुटिंग आणि स्टीलचे पहिले दोन माइलस्टोन पूर्ण व्हायला हवे होते. उभारणी आणि टाकी निम्म्यावर असायला हवी होती, दोन्ही चौथ्या महिन्यात संपणार होत्या. पीव्ही काढताना बरेच जण निम्म्याचे निम्मे पैसे धरतात: २ + ६ + १३.५ + १ = २२.५ लाख. मग एसपीआय, म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही, १५ भागिले २२.५ = ०.६७, आणि वेळापत्रकात साडेसात लाखांची तूट.

पण उभारणी संपेपर्यंत ईव्हीत तिचं श्रेय शून्य असेल, तर पीव्हीतही ते शून्यच हवं. टाकीचंही तसंच. म्हणून पीव्ही २ + ६ + १० + ० = १८ लाख, एसपीआय ०.८३, तूट ३ लाख. खरी तूट फक्त फुटिंगची होती. उरलेले साडेचार लाख दोन मापं एकत्र केल्यामुळे आले. ओळखायची खूण सोपी आहे: योजनेबरहुकूम चाललेल्या पॅकेजचा शेड्यूल व्हेरियन्स, म्हणजे ईव्ही वजा पीव्ही, शून्य येत नसेल, तर पीव्हीचा नियम तपासा.

चूक तिसरी: लांब पॅकेजला आखूड नियम

आता साइटवरच्या माणसाचा प्रश्न. सीपीआय ०.७५ आणि ४० लाखांचा अंदाज मालकासमोर ठेवला तर काम थांबेल. ती परिस्थिती खरी आहे का?

चौथ्या महिन्यात फुटिंग, टाकी आणि उभारणी तिन्ही संपली आणि एकूण खर्च २८.५ लाख झाला असं समजा. ईव्ही २ + ६ + १७ + २ = २७ लाख. सीपीआय ०.९५. एका महिन्यात ०.७५ वरून ०.९५! कामगार तेच, दर तेच. आकड्याची अशी उडी दिसली की कामाच्या वेगाआधी नियमाकडे बघायचं. खर्च महिनाभर साचत होता आणि श्रेय एकदम पडलं.

शून्य-शंभर शोभतो तो एकाच रिपोर्टिंग काळात सुरू होऊन संपणाऱ्या पॅकेजला. पन्नास-पन्नास फार तर दोन काळांपर्यंत. त्याहून लांब कामाला माइलस्टोन, आणि शक्यतो प्रत्येक काळात निदान एक माइलस्टोन पडेल असे. आपल्या उदाहरणात उभारणीचा ३५ टक्क्यांचा एकच माइलस्टोन दोन महिन्यांवर पसरला, तिथेच घोळ झाला.

शेडला सात फ्रेम असतील तर त्या ३५ टक्क्यांचे सात तुकडे करा, दर फ्रेमला ५ टक्के, म्हणजे १ लाख. फुटिंगचे दोन-दोन लाखांचे तीन भाग करून प्रत्येकाला शून्य-शंभर लावा. तिसऱ्या महिन्याअखेर तीन फ्रेम उभ्या आणि फुटिंगचे दोन भाग पूर्ण असतील, तर ईव्ही २ + ४ + १३ + ० = १९ लाख. सीपीआय ०.९५. चौथ्या महिन्याने जे सांगितलं, ते महिनाभर आधीच कळलं असतं. टाकी मात्र दोन लाखांची, छोटी. तिच्या शून्याने फारसं बिघडत नाही, ती तशीच राहू द्या.

ही फोड बेसलाइन, म्हणजे मूळ योजना, ठरतानाच करायची. काम निम्म्यावर आल्यावर आकडा आवडला नाही म्हणून नियम बदलला, तर मागच्या महिन्यांशी तुलनाच उरत नाही.

पन्नास-पन्नासची एक पळवाटही लक्षात असू द्या. एकेक लाखाची दहा पॅकेजं नुसती सुरू केली, प्रत्येकात एकेक खड्डा मारला, तरी ईव्ही पाच लाख दिसते. म्हणून रिपोर्ट वाचताना ईव्हीशेजारी सुरू झालेली पण न संपलेली पॅकेजं किती, तेही विचारा. ती संख्या दर महिन्याला वाढत असेल आणि संपलेल्यांची हलत नसेल, तर ते श्रेय नुसतं सुरुवातीचं आहे.