आधारचा ओटीपी जुन्याच नंबरवर जातोय? नंबर बदलताना या चुका टाळा

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा मानेवाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू मोबाइल घेऊन आल्या. "काऊन जी, ओटीपी येऊनच नाही राहिला." साइटवर ओटीपी पाठवल्याचं दिसत होतं, काकूंच्या फोनवर मात्र काहीच नव्हतं. वर्षभरापूर्वी त्यांचं जुनं सिम रिचार्जअभावी बंद पडलं होतं आणि पोराने नवं आणून दिलं होतं. पोराचं म्हणणं असं, की नवं सिम आधारवरच घेतलंय, दुकानात अंगठाही दिलाय, म्हणजे नंबर लिंक झालाच.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. सिम घेताना अंगठा दिला की मोबाइल कंपनीला ग्राहकाची ओळख पटते, तेवढंच. तो नवा नंबर आधारच्या नोंदीत जात नाही. आधारकडे तुम्ही शेवटचा नोंदवलेला नंबरच असतो आणि ओटीपी त्यावरच जातो, मग ते सिम कचऱ्यात गेलेलं का असेना. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तसं झालं की तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो, म्हणून हे काम लांबवू नका.

केंद्रावर पळण्याआधी नोंदीत कोणता नंबर आहे ते बघून घ्या. myaadhaar.uidai.gov.in या साइटवर Check Aadhaar Validity नावाची सोय आहे. तिला लॉगिन लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. आधार क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. काकूंचे आकडे जुन्या सिमचे निघाले, तिथेच निदान झालं. मोबाइलची जागा रिकामी दिसली, तर नंबर कधी नोंदलाच गेला नव्हता असं समजा. आणि आकडे तुमच्या चालू नंबरचेच असतील, तर आधारमध्ये काही बदलायचं नाही, दोष फोनकडे आहे. सिम हरवून त्याच नंबरचं नुकतंच बदलून घेतलं असेल, तर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. फसवणूक टाळण्यासाठीचा तो नियम आहे. रिचार्ज संपला असेल तरी येणारे मेसेज थांबू शकतात. कंपनी बदलली पण नंबर तोच ठेवला, म्हणजे पोर्ट केला, तर आधारमध्ये काहीच करायची गरज नाही.

दुसरी चूक म्हणजे घरबसल्या वेबसाइटवर नंबर बदलण्याचा आटापिटा. तिथे पत्ता बदलता येतो, पण त्यालाही जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतो. मोबाइल नंबरच्या बाबतीत हे दार मुद्दाम बंद ठेवलंय. ओटीपी हीच किल्ली आहे आणि ती हरवलीय, तर तुम्ही तुम्हीच आहात हे बोटांनी, डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानेच दाखवावं लागणार. यूआयडीएआयच्या नव्या आधार ॲपमध्ये चेहरा पडताळून नंबर बदलायची सोय आली आहे, पण त्याला स्मार्टफोन हवा. काकूंच्या बटणांच्या फोनवर तिचा उपयोग नव्हता. "फक्त आधार क्रमांक पाठवा, लिंक करून देतो" असं व्हॉट्सॲपवर म्हणणाऱ्याला मात्र क्रमांकही देऊ नका आणि पैसेही.

मग उरतं आधार केंद्र. पोस्ट ऑफिस, काही बँकांच्या शाखा आणि आधार सेवा केंद्र यांत हे काम होतं. जाताना आधार क्रमांक आणि चालू सिम असलेला फोन न्या. फक्त मोबाइल नंबर बदलायचा असेल तर कोणताही कागद लागत नाही. रेशनकार्ड, लाइटबिल, फोटो अशी थैली भरून नेणारे बरेच दिसतात, ती घरीच ठेवा. शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. १२५ रुपये मागितले तर तुमची बोटं, डोळे आणि फोटोही नव्याने नोंदवले जातायत का ते विचारा, कारण तो दर त्या कामाचा आहे. तुम्हाला ते नको असेल तर स्पष्ट सांगा. पावतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर १९४७ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

काकूंची खरी अडचण अंगठ्याची होती. वर्षानुवर्षं भांडी-धुणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र बोट नाकारत राहतं. ऑपरेटर "अंगठा लागत नाही, उद्या या" म्हणाला म्हणून परतू नका. दहाही बोटांची नोंद आधारमध्ये असते, त्यामुळे दुसरं बोट लावून बघता येतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. बोटं अजिबात जुळली नाहीत तर डोळ्यांनी, म्हणजे बुबुळाच्या स्कॅनने पडताळणी करायला सांगा. काकूंचं काम शेवटी तसंच झालं.

नंबर टाकला गेला की घाई करू नका. पडद्यावरचे दहाही आकडे स्वतः मोठ्याने वाचा. एक आकडा चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं, शिवाय ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे जायला लागतो. चष्मा घरी राहिला असेल तर बरोबरच्याला वाचायला लावा. पावती जपून ठेवा. तिच्यावरचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ टाकून त्याच साइटवर स्थिती बघता येते.

इथून पुढची चूक उतावळेपणाची. केंद्रातून बाहेर पडताच ई-केवायसी उघडून ओटीपी मागणारे आणि तो आला नाही की पुन्हा रांगेत लागणारे मी पाहिलेत. बदल नोंदीत चढायला काही दिवस लागतात, महिनाभरही लागू शकतो. Check Aadhaar Validity मध्ये शेवटचे तीन आकडे नव्या नंबरचे दिसले की मगच ओटीपी मागा. ओटीपी दहा मिनिटं चालतो, तेव्हा मागण्याआधी फोन हाताशी हवा.

काकूंचे आकडे बदलले, त्यांचा ओटीपी आला, आणि गाडी पुढच्याच पायरीवर अडली. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. काकांच्या आधारला नंबर होता पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराचा. एकच नंबर अनेक आधारना जोडता येतो, म्हणून कोणीतरी सोयीसाठी तो दिला होता. पोराला फोन लावून ठेवला, ओटीपी मागवला, त्याने सांगितला आणि काम झालं. काकांचा स्वतःचा नंबर नोंदवणं बाकीच होतं, पण गुडघ्यांमुळे त्यांना केंद्राचा जिना चढवत नव्हता. अशांसाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सोय आहे. पोस्टमन घरी येऊन बोट पडताळून मोबाइल नंबर बदलून देतो. जवळच्या पोस्टात तशी विनंती करा आणि शुल्क आधीच विचारून घ्या.

एक शेवटचं. आधारमधला नंबर बदलला म्हणून बँकेतला बदलत नाही. बँकेचा ओटीपी बँकेच्या नोंदीवरून येतो, गॅसचा गॅस एजन्सीच्या. जुना नंबर जिथे जिथे दिलाय, तिथे प्रत्येक ठिकाणी वेगळा बदलावा लागतो. नवं आधार कार्ड मात्र मागवायला नको, क्रमांक तोच राहतो आणि जुनं कार्ड चालतं.