पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म, एक पात्र, तीन अंक : या चुका टाळा

पाच मिनिटांच्या फिल्मचे तीन अंक पाडताना बहुतेक जण दीड तासाच्या चित्रपटाचा आराखडा घेतात आणि तो आक्रसून बसवतात. मीही माझ्या फिल्मचा पहिला आराखडा असाच केला होता आणि तो तीन वेळा मोडावा लागला. त्याच फिल्मच्या आधाराने नेमके काय चुकते आणि ते अ‍ॅनिमॅटिकच्या, म्हणजे स्टोरीबोर्डची स्थिर चित्रे किंवा पॅनेल वेळेनुसार ओळीने जोडून केलेल्या कच्च्या फिल्मच्या, टप्प्यावरच कसे ओळखता येते, ते येथे मांडत आहे. गोष्ट साधी आहे. एक आजी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालते, एक कावळा त्या पळवतो, आणि लेकीला पाठवायचा डबा भरत नाही. संवाद एकही नाही. मुख्य पात्र एकच, आजी.

सर्वप्रथम वेळेचा हिशेब मांडावा, कारण पाच मिनिटे हातात पूर्ण पाच मिनिटे येत नाहीत. ३०० सेकंदांतून सुरुवातीचे शीर्षक आणि शेवटची श्रेयनामावली यांचे मिळून तीसेक सेकंद वजा केले की गोष्टीला २७० सेकंद उरतात. माझ्या फिल्ममध्ये अखेर पहिला अंक ०:५८ ला संपला, दुसरा ३:२८ पर्यंत चालला, कलाटणीचा प्रसंग ३:५० पर्यंत गेला आणि तिसरा अंक ४:३८ ला संपला. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. मात्र पहिला अंक एका मिनिटापलीकडे गेला तर ती वेळ बहुधा दुसऱ्या अंकातून कापली जाते आणि कलाटणी कच्ची राहते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पहिला अंक तयारीतच संपतो

माझ्या पहिल्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये कावळा १:५० ला येत होता. त्याआधी गहू भिजत होते, वाटले जात होते, चीक गाळला आणि शिजवला जात होता, आणि मग आजी पातेले घेऊन जिना चढत होती. हे सगळे काढायला अतिशय सुंदर होते, म्हणूनच ते राहिले होते. परंतु या ११० सेकंदांत आजीला काय हवे आहे, हे प्रेक्षकाला कळतच नव्हते. तिला काय येते, एवढेच कळत होते.

ही चूक पकडण्याची एक सोपी रीत आहे. ज्याने गोष्ट ऐकलेली नाही अशा माणसाला अ‍ॅनिमॅटिक दाखवावे, पन्नासाव्या सेकंदाला थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा : हिला काय हवे आहे? उत्तर ‘ती कुरडया करते आहे’ असे आले तर अंक अपुरा आहे. ‘तिला डबा भरायचा आहे’ असे आले तर पुढे जायला हरकत नाही. स्वतःला हा प्रश्न विचारून काही उपयोग नाही, कारण आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असते.

दुरुस्ती करताना मी फिल्म थेट गच्चीवर सुरू केली. सोऱ्यातून कुरडई पडत असतानाच शीर्षक येते. कोपऱ्यात पत्र्याचा डबा आहे आणि त्याच्याशेजारी पार्सल शिवायचे पांढरे कापड व सुई-दोरा ठेवलेला आहे. आजी आदल्या दिवशी वाळलेल्या कुरडया डब्यात रचते आणि वर उरलेली जागा बोटांनी मोजते : चार बोटे. हा एक क्लोज-अप पाच सेकंदांचा आहे आणि तिचे उद्दिष्ट तो एकटाच सांगतो. बोलपट असो वा मूकपट, इतक्या लहान फिल्ममध्ये उद्दिष्ट डोळ्यांना दिसले पाहिजे आणि शक्य तर मोजता आले पाहिजे. ‘आजीला लेकीची आठवण येते’ ही भावना झाली. ‘चार बोटे रिकामी आहेत’ हे उद्दिष्ट झाले. पंचावन्नाव्या सेकंदाला कावळा पहिली कुरडई उचलतो आणि अंक संपतो. नाटकात अंक संपल्यावर पडदा पडतो, दिवे लागतात. येथे असे काहीच होत नाही, त्यामुळे अंक संपल्याची खूण प्रसंगातच असावी लागते. माझ्याकडे ती खूण म्हणजे वाळत घातलेल्या ओळीत पडलेली एक गोल, रिकामी जागा.

मधला अंक एकच गोष्ट तीनदा सांगतो

दुसऱ्या अंकात कावळा येतो, आजी ओरडते. कावळा येतो, आजी चप्पल भिरकावते. कावळा येतो, आजी काठी आपटते. आराखड्यात हे तीन प्रयत्न दिसत होते, पण पडद्यावर एकच प्रयत्न तीन वेळा दिसत होता. याची परीक्षा अशी की, प्रसंगांचा क्रम बदलून पाहावा. तिसरा प्रसंग आधी ठेवूनही काही बिघडत नसेल तर दुसरा अंक चढत नाही, नुसता लांबतो.

प्रत्येक प्रयत्नाची किंमत आधीच्यापेक्षा जास्त असावी आणि ती मुख्य पात्राने मोजावी. आता पहिल्या चोरीत एक कुरडई जाते. दुसऱ्या प्रयत्नात आजी स्वतःची छत्री कुरडयांच्या कडेला बुजगावण्यासारखी उभी करते आणि आपण भर उन्हात बसते, म्हणजे तिची सावली गेली. तिसऱ्या प्रयत्नात ती जुने लुगडे सगळ्या कुरडयांवर पसरते. कावळा थांबतो खरा, पण ओल्या कुरडया कापडाला चिकटतात आणि लुगडे उचलताना एक अख्खी ओळ तुटून वर येते. सर्वांत मोठे नुकसान कावळ्याने नव्हे तर तिच्याच हाताने झालेले असते. त्या रागातच ती बांबू उचलते. आता हा क्रम बदलता येत नाही, कारण लुगड्याचा प्रसंग आधी घेतला तर छत्रीला अर्थच उरत नाही.

याच अंकात आणखी एक चूक सहज घुसते. कावळा काढायला मजा येते, म्हणून त्याचे शॉट वाढत जातात. मी पॅनेल मोजले तेव्हा दुसऱ्या अंकात कावळ्याची पॅनेल आजीपेक्षा जास्त निघाली. निर्णय आजीचा आणि कॅमेरा कावळ्याच्या बाजूने, अशी फिल्म कुणाची आहे हेच कळत नाही. मी कावळ्याचे स्वतंत्र शॉट काढून टाकले. तो आजीच्या नजरेतून दिसेल तेवढाच ठेवला, आणि तो कुठून येतो हे तिला ठाऊक नाही, त्यामुळे प्रेक्षकालाही ठाऊक राहिले नाही. त्याचा फायदा पुढे कलाटणीला झाला.

कलाटणी घटना असते, निर्णय नसतो

ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्या आराखड्यात माझी कलाटणी म्हणजे वळवाचा पाऊस होती. आभाळ भरून येते, कुरडया भिजतात, आजी हताश बसते, कावळाही भिजतो आणि तिला त्याची दया येते. चित्र म्हणून प्रसंग मोठा होता, परंतु पाऊस आजीने आणलेला नव्हता. कलाटणीच्या क्षणातून मुख्य पात्र मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवावे. तरीही तो क्षण घडत असेल तर ती घटना आहे, कलाटणी नव्हे. आजी नसती तरी पाऊस पडलाच असता. अपघात, अचानक आलेला पाहुणा, जाग येऊन सरलेले स्वप्न, हे सगळे याच माळेतले.

दुसऱ्या आराखड्यात निर्णय आला. आजी बांबू घेऊन कठड्याशी जाते, शेजारच्या झाडावरचे घरटे पाडायला बांबू उचलते, आत पिल्ले दिसतात आणि ती बांबू खाली घेते. कागदावर हे बरोबर होते. पाहणाऱ्यांना मात्र काहीच जाणवले नाही. कारणे दोन होती आणि ती शोधायला मला बराच वेळ लागला.

पहिले कारण म्हणजे दुसरी वाट खरी वाटत नव्हती. आजी पिल्लांना मारणार नाही, हे कोणालाही आधीच कळत होते. निर्णयाला वजन यायचे असेल तर दोन्ही शक्यता पडद्यावर जिवंत असाव्या लागतात. म्हणून आता बांबूचे टोक घरट्याला प्रत्यक्ष लागते आणि दोन काटक्या खाली पडतात. कावळा तिच्या डोक्यावरून एकदा झेपावतो आणि मग समोरच्या फांदीवर गप्प बसतो. घरटे कलते तेव्हा ते कसे दिसते ते तिला दिसते : काटक्यांचा गोल गुंता, अगदी कुरडईसारखा, आणि त्यात अडकलेले कुरडईचे तुकडे. सोऱ्यातून पडणाऱ्या कुरडईचा पहिला शॉट मी वरून घेतला होता, तो याच शॉटसाठी. दोन्हींची चौकट आणि आकार सारखेच ठेवले, म्हणजे तुलना शब्दांशिवाय पोहोचते.

दुसरे कारण वेळेचे होते. बांबू वर जाणे आणि खाली येणे यांमध्ये मी दीड सेकंद दिला होता. पिल्ले पाहणे, ओळखणे आणि ठरवणे या तीन गोष्टी एवढ्या वेळात पात्रालाही जमत नाहीत आणि प्रेक्षकालाही नाही. आता आजीच्या चेहऱ्यावर तीन सेकंद थांबतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमप्रमाणे ७२ फ्रेम. एवढा वेळ चित्र पूर्ण स्थिर ठेवले तर फिल्म अडकल्यासारखी वाटते, म्हणून पदर वाऱ्याने किंचित हलतो आणि श्वासाबरोबर खांदा वर-खाली होतो. आवाजही येथेच थांबतो. अडीच मिनिटे चाललेली कावकाव एकदम बंद होते. कलाटणी जमली आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी त्या तीन सेकंदांत पडद्याकडे न पाहता पाहणाऱ्यांकडे पाहतो. कोणी हालचाल केली, फोनकडे नजर वळवली, तर आधीच्या दहा सेकंदांत काहीतरी कमी आहे असे समजावे. थांबणे लांबवून ते भरून निघत नाही.

या क्षणी जुनी आठवण दाखवण्याचा मोह होतो : लेक लहान असतानाची, तिला भरवतानाची. मी ती काढली होती, सात सेकंदांची. प्रेक्षक जे स्वतः जोडणार होता ते मीच सांगून टाकत होतो, म्हणून ती गेली.

हे सगळे बदल अ‍ॅनिमॅटिकमध्येच करावेत. त्या टप्प्यावर वीस सेकंद काढणे म्हणजे पाच-सहा पॅनेल काढणे. तेच वीस सेकंद पूर्ण अ‍ॅनिमेट झाल्यावर काढले तर ४८० फ्रेम जातात, आणि दर दोन फ्रेमला एक चित्र अशा पद्धतीने काम केले असले तरी हाताने काढलेली २४० चित्रे जातात. मग माणूस चुकीचा प्रसंग कापत नाही, त्याचे समर्थन शोधू लागतो.

तिसरा अंक पुन्हा समजावून सांगतो

तिसऱ्या अंकाचे काम थोडे आहे : निर्णयाचा परिणाम दाखवणे. माझ्याकडे आधी कावळा आणि आजी यांच्या मैत्रीची अख्खी मालिका होती, दिवसांमागून दिवस, पिल्ले उडायला शिकेपर्यंत. ती दुसरी गोष्ट होती, आणि तिचे मुख्य पात्र कावळा होता. आता अठ्ठेचाळीस सेकंदांत तीनच गोष्टी घडतात. लुगड्याला चिकटून तुटलेली ओळ आजी कठड्यावर नेऊन ठेवते. वाळलेल्या कुरडया डब्यात रचते. आणि वरची जागा पुन्हा बोटांनी मोजते, पहिल्या अंकातल्याच कोनातून. तीन बोटे रिकामी आहेत. हात क्षणभर थांबतो, मग ती झाकण लावते आणि कापड शिवायला घेते. शेवटचा टाका पडतो तेव्हा कठड्यावरची ओळ निम्मी झालेली असते.