त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर कशा मोजाव्यात

त्रितालाचं एक आवर्तन सोळा मात्रांचं, त्यात चार-चार मात्रांचे चार खंड. आकडे मोजायला लागण्याआधी ठेका तोंडात बसू द्या:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा ।
धा तिं तिं ता । ता धिं धिं धा ।

सुरुवातीला सेकंदाला एक बोल पुरे. सोळावा धा संपला की न थांबता पहिला धा आला पाहिजे. नवशिके नेमके इथे श्वास घ्यायला थांबतात आणि आवर्तन सतरा मात्रांचं होतं. घड्याळाच्या टिकटिकीबरोबर म्हणून पाहिलं की ही चूक लगेच कळते.

आता हात जोडा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यायची. नवव्या मात्रेवर टाळी नाही. उजवा हात बाजूला नेऊन तळवा वर उघडायचा. ही खाली, म्हणजेच काल. प्रत्येक खंडातल्या उरलेल्या तीन मात्रा करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटावर अंगठा टेकवून मोजायच्या. वहीत लिहिताना पहिल्या मात्रेखाली समेचं चिन्ह ×, पाचवीखाली २, नववीखाली ० आणि तेरावीखाली ३ लिहा. तिसरा खंड खालीचा असल्यामुळे तिसरी टाळी चौथ्या खंडावर येते, हे एकदा लिहून पाहिलं की गोंधळ होत नाही.

तबला ऐकताना खंड ओळखायचे असतील तर कान डग्ग्यावर ठेवा. धा आणि धिंमध्ये डग्ग्याची घुमार असते, तिं आणि तामध्ये नसते. साध्या ठेक्यात दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या धिंला परत बोलतो. म्हणजे हात खाली दाखवतो नवव्या मात्रेला, पण कानाला ती जाणवते एक मात्रा उशिरा. घुमार थांबली तिथेच खाली मानली, तर सगळा हिशोब एका मात्रेने सरकतो. मैफलीत तबलजी ठेका भरून वाजवतो, तेव्हाही बहुतेक वेळा ही गप्प जागा शोधून सापडते.

मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून उठतात. समजा, अशा बंदिशीच्या पहिल्या शब्दालाच तुम्ही ‘एक’ म्हणालात. मग तुमच्या दुसऱ्या ते पाचव्या मात्रेला डग्गा ऐकू येणार नाही आणि गाण्याचा वजनदार शब्द तुमच्या नवव्या मात्रेवर पडेल. या दोन्ही खुणा जुळल्या, तर सम तुमच्या नवव्या मात्रेवर आहे. पुढच्या आवर्तनात त्या वजनदार शब्दाला टाळी देऊन तिथून ‘एक’ म्हणा. मुखड्याचा पहिला शब्द आपोआप उघड्या तळव्यावर येईल.