तारकर्लीला डाइव्ह करताय? वर येताना घाई नको

१८ मीटर खाली प्रेशर वरच्यापेक्षा जवळपास पावणेतीनपट असतं, त्यामुळे टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, सांध्यांत मुरत जातो आणि तुम्ही झपकन वर आलात की प्रेशर एकदम उतरतं, नायट्रोजनला फुफ्फुसातून निघायला वेळच मिळत नाही मग सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे धरतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वर यायचं नाही, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचंच, बोट डोक्यावर दिसत असली तरी. नंतर खांदा-कोपर ठणकलं, मुंग्या आल्या तर थकवा समजून झोपू नका, लगेच ऑक्सिजन लावायला सांगा नि डॉक्टर गाठा. आणि हो, त्याच दिवशी आंबोली घाट चढून घरी निघू नका प्लीज, उंचीवर प्रेशर अजून कमी होतं.