क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन: मूत्रपिंडाची गाळणी समजून घेताना या चुका टाळा

चहा गाळताना दोन वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात. गाळणीची जाळी फाटली तर कपात चहापूड उतरते. जाळी धड असली, पण वरून धार बारीक पडत असली, तर कप भरायला वेळ लागतो. पहिला दोष जाळीचा, दुसरा धारेचा. मूत्रपिंडाच्या अभ्यासात मुलांच्या ज्या चुका मी वर्षानुवर्षे तपासत आले आहे, त्यातल्या बहुतेक या दोन दोषांच्या गल्लतीतून येतात.

मूत्रपिंडातली जाळी म्हणजे ग्लोमेरुलसची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाची, गाळण-भिंत. धार सांभाळतं ते जक्स्टाग्लोमेरुलर अपॅरॅटस, म्हणजे ग्लोमेरुलसच्या उंबरठ्यावर बसलेला पेशींचा छोटा समूह. जाळी फाटली की लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन दिसतं. धार बारीक झाली की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, चढतं. दोन्ही एकदमही घडू शकतं, पण रिपोर्ट वाचताना दोन प्रश्न वेगळे विचारायचे.

जाळीबद्दलची चूक: सगळं काम भोकांच्या आकारावर सोपवणं

गाळण-भिंतीला तीन थर असतात. रक्ताच्या बाजूला केशवाहिनीचं अस्तर, त्याला साधारण 60 ते 100 नॅनोमीटरची भोकं. मध्ये तळपटल, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, सुमारे 300 नॅनोमीटर जाड. बाहेरच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशी आपले पाय एकमेकांत गुंफून बसतात आणि दोन पायांमधल्या फटीवर स्लिट डायफ्रॅम हा बारीक पडदा ताणलेला असतो.

मुलं लिहितात, "अस्तराची भोकं लहान असल्यामुळे अल्ब्युमिन अडतं." आकडे शेजारी ठेवले की हे उत्तर टिकत नाही. अल्ब्युमिनच्या रेणूची रुंदी जेमतेम 7 नॅनोमीटर आहे, त्यामुळे 60 नॅनोमीटरच्या भोकातून तो सहज जाईल. ती भोकं रक्तपेशी अडवतात. अल्ब्युमिन अडवण्याचं काम सगळे थर मिळून करतात: अस्तरावरचा ऋणभारित लेप, तळपटलातलं कोलॅजन आणि लॅमिनिनचं घट्ट विणकाम, आणि शेवटी स्लिट डायफ्रॅम. अल्ब्युमिनवरही ऋणभार असतो, म्हणून विद्युतभाराचा वाटा मानला जातो. तो नेमका किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. तेव्हा "फक्त आकार" हे जसं चूक, तसंच "फक्त भार" हेही चूक.

स्लिट डायफ्रॅमचं मोल एका आजारातून चांगलं कळतं. या पडद्यातलं मुख्य प्रथिन नेफ्रिन. त्याचं जनुक 1998 मध्ये सापडलं, तेही फिनलंडमध्ये जास्त आढळणाऱ्या जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोमचा, म्हणजे लघवीतून खूप प्रथिन जाऊन सूज येणाऱ्या आजाराचा, शोध घेताना. ज्या बाळांत नेफ्रिन नीट बनत नाही, त्यांच्या लघवीतून जन्मापासून प्रथिनांचा लोंढा वाहतो. आतले दोन थर जागेवर असूनही तो थांबत नाही.

मिनिमल चेंज या प्रथिन गळणाऱ्या आजारात तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस निरोगी दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पोडोसाइटचे पाय चपटे होऊन पसरलेले दिसतात. अंगावर सूज आलेल्या मुलाची बायोप्सी "नॉर्मल" आली म्हणून जाळी ठीक आहे असं कोणी म्हणालं, तर मी आधी विचारते, कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं?

याउलट, लघवीत वेड्यावाकड्या आकाराच्या लाल पेशी आणि त्यांचे कास्ट, म्हणजे नलिकेत थिजलेले नळीसारखे साचे, दिसले, तर भिंतीला खरोखर चीर पडल्याची शंका घ्यावी. 7 ते 8 मायक्रोमीटरची लाल पेशी तिथून पिळवटून बाहेर पडते, म्हणून तिचा आकार बिघडतो.

आणखी एक समज: निरोगी भिंतीतून अल्ब्युमिन मुळीच जात नाही. दिवसाला 180 लिटर गाळ निघतो, आणि 180 लिटर रक्तरसात साडेसात किलोच्या आसपास अल्ब्युमिन असतं. त्यातलं अगदी थोडं भिंत ओलांडतं, आणि त्यातलं बहुतेक पुढची नलिका परत शोषून घेते. लघवीत दिवसाला 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी उरतं. ताप, जोराचा व्यायाम, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मासिक पाळी असताना दिलेल्या नमुन्यात हा आकडा तात्पुरता वाढू शकतो. म्हणून एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुन्हा करून पाहावं.

धारेबद्दलची चूक: मॅक्युला डेन्सा रक्तातलं मीठ मोजतो असं समजणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून इथे जरा थांबते.

प्रत्येक नेफ्रॉनची, म्हणजे ग्लोमेरुलस आणि त्याची नलिका मिळून होणाऱ्या एककाची, नलिका खाली जाऊन वळते आणि परत आपल्याच ग्लोमेरुलसपाशी येते. रक्त आणणारी अफेरंट आणि रक्त नेणारी इफेरंट या दोन बारीक धमन्यांच्या बेचक्याला ती टेकते. तिथे तिच्या भिंतीतल्या पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. तोच मॅक्युला डेन्सा. समोर अफेरंट धमनीच्या भिंतीत रेनिनचे, म्हणजे धमन्या आवळणारं अँजिओटेन्सिन तयार करवणाऱ्या विकराचे, कण साठवलेल्या जक्स्टाग्लोमेरुलर पेशी असतात, मूळच्या स्नायुपेशी. दोघांच्या मधली जागा बाह्य मेसँजियल पेशी भरतात आणि त्या निरोप पुढे पोचवतात. मॅक्युला डेन्सा मीठ जाणतो, रेनिन सोडत नाही. रेनिन जक्स्टाग्लोमेरुलर पेशी सोडतात. परीक्षेत ही दोन नावं हमखास उलटी पडतात.

मॅक्युला डेन्सा जे मीठ मोजतो ते नलिकेतल्या द्रवातलं. रक्तातलं सोडियम 140 असो की 128, ते तो थेट वाचत नाही. त्याच्याजवळ पोचणारं मीठ कमी असेल तर त्याचा अर्थ तो घेतो, "वरून गाळ कमी येतोय." जास्त असेल तर, "गाळ फार येतोय."

मग तो दोन कामं करतो, आणि इथे मुलं अडतात. मीठ जास्त पोचलं की अफेरंट धमनी आकसते आणि रेनिन कमी होतं. मुलं विचारतात, "रेनिन कमी झालं तर अँजिओटेन्सिन कमी होणार. मग धमनी आकसते कशी?" उत्तर असं की इथे आकुंचन अँजिओटेन्सिनमुळे सुरूच होत नाही. मॅक्युला डेन्सामधून एटीपी बाहेर पडतं, त्यापासून ॲडेनोसिन तयार होतं आणि ते शेजारच्या धमनीला आवळतं. हे सेकंदांत घडतं. रेनिनचा मार्ग त्याहून सावकाश आणि साऱ्या शरीरातून फिरणारा.

मीठ कमी पोचलं की हेच उलट होतं. अफेरंट सैलावते, रेनिन वाढतं, आणि त्यातून बनलेलं अँजिओटेन्सिन मुख्यतः इफेरंट धमनी आवळतं. आत येणारा रस्ता रुंद, बाहेर जाणारा अरुंद, म्हणून ग्लोमेरुलसमधला दाब वाढतो. म्हणजे दोन्ही कामं एकाच दिशेला ढकलतात. "धमनी आकसली की गाळण कमी" असं सरसकट पाठ करू नका. कोणती धमनी, हे आधी विचारा.

रेनिन वाढवणारी आणखी दोन कारणं विसरू नका: अफेरंट धमनीतला दाब उतरणं आणि सिंपथेटिक चेतांचा बीटा-1 इशारा. म्हणून बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचं रेनिन कमी दिसू शकतं.

लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचं उदाहरण या सगळ्याची परीक्षा घेतं. हे औषध घेतल्यावर नलिकेत भरपूर मीठ उरतं, तरी रेनिन वाढतं. कारण मॅक्युला डेन्सा मीठ आत ओढून जाणतो, आणि ते ओढणारा एनकेसीसी-2 हा वाहक फ्युरोसेमाइडने बंद केलेला असतो. मीठ दाराशी आहे, पण दार बंद आहे. म्हणून रक्तातलं रेनिन तपासायचं असेल तर कोणती औषधं चालू आहेत हे आधी विचारावं लागतं.

दोन्ही भाग एकाच रिपोर्टमध्ये

समजा 58 वर्षांचे गृहस्थ आहेत, 12 वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन 1.1, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, 78, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 480 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केलं. चार आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.2, ईजीएफआर 70, गुणोत्तर 310. घरचे घाबरून म्हणतात, "गोळीने किडनी बिघडली, बंद करा."

दोन प्रश्न वेगळे विचारू. जाळी? गळती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली. धार? थोडी बारीक झाली. आता कारण. मधुमेहात नलिकेचा सुरुवातीचा भाग साखरेबरोबर सोडियमही जास्त ओढून घेतो. मॅक्युला डेन्सापाशी मीठ कमी पोचतं, त्याला वाटतं गाळ कमी येतोय, आणि तो अफेरंट धमनी सैल सोडतो. ग्लोमेरुलसमधला दाब वर्षानुवर्षे चढलेला राहतो आणि पोडोसाइट झिजतात. म्हणजे आधीच्या 78 मध्ये या जादा दाबाचाही वाटा होता. औषधाने साखर-सोडियमची ती ओढ थांबली, मीठ मॅक्युला डेन्सापर्यंत पोचलं, दाब उतरला. त्याबरोबर गाळणही थोडं उतरलं आणि जाळीवरचा ताणही.

या स्पष्टीकरणाला एक मर्यादा आहे. अफेरंट आकसण्याचा पुरावा टाइप 1 मधुमेहात ठळक आहे. टाइप 2 मध्ये इफेरंट सैलावण्यातूनही दाब उतरत असल्याचं दिसलं आहे. परिणाम एकच, ग्लोमेरुलसमधला दाब कमी.

मग काळजी कधी करायची? ही सुरुवातीची घसरण साधारण पहिल्या काही आठवड्यांत होते आणि तिथेच थांबते. या गृहस्थांची घसरण 10 टक्क्यांच्या आसपास आहे. ती 30 टक्क्यांच्या पुढे गेली, किंवा दर तपासणीला क्रिएटिनिन चढतच राहिलं, तर दुसरं कारण शोधावं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालंय का? गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? या वेदनाशामकांनी प्रोस्टाग्लँडिन अडतं, म्हणजे अफेरंट धमनी उघडी ठेवणारा आधार जातो. सोबत रक्तदाबाची, अँजिओटेन्सिनला अडवणारी, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर इफेरंट आवळण्याचा उपायही हातात उरत नाही. वर फ्युरोसेमाइडने पाणी उतरवलेलं असेल, तर धार अगदी बारीक होते. अशा वेळी लघवीत अल्ब्युमिन वाढलेलं नसतानाही क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत दुप्पट झालेलं दिसू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, आणि पोटॅशियमही तपासून घ्यायचं.